गोव्याची गाडी रत्नागिरीत: एनओसी, नवा नंबर आणि टॅक्सचा परतावा

आजचा विषय आपल्या रत्नागिरीकरांच्या नेहमीच्या प्रश्नाचा आहे. गोव्यात गाडी स्वस्त मिळतेय, घ्यावी का? घ्यायला हरकत नाही, पण गाडीची किंमत आणि तिला एमएच-०८ नंबर लावण्याचा खर्च हे दोन वेगळे हिशोब आहेत. दुसरा हिशोब आधी करायचा, मग भाव ठरवायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा म्हापशाची, जीए-०३ नंबरची पेट्रोल गाडी आहे. नवीन घेतली तेव्हा बिल सात लाखांचं होतं, आता मालक साडेतीन लाखांना देतोय. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी टॅक्स ११ टक्के. बरेच जण साडेतीन लाखांवर ११ टक्के काढतात आणि ३८,५०० धरून चालतात. पण टॅक्स तुम्ही दिलेल्या किमतीवर नसतो, गाडीच्या मूळ बिलावर असतो. म्हणजे सुरुवात ७७,००० पासून होते, आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून सूट मिळते. म्हणून दोन गोष्टी करा. मालकाकडून मूळ बिलाची प्रत मागा, आणि बिल व आरसी घेऊन रत्नागिरीच्या आरटीओत आकडा काढून घ्या. हे पैसे देण्याआधी, नंतर नव्हे.

आता एनओसी. ती विकणाऱ्याने काढायची असते, त्याच्या आरटीओतून, फॉर्म २८ वर. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवायला लागतो. थकलेली चलनं भरलेली हवीत. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: एनओसी कुठल्या आरटीओसाठी आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तिथे रत्नागिरीच हवं. पुणे किंवा कोल्हापूर लिहून आलं तर इथे काम अडतं आणि दुरुस्तीसाठी परत म्हापशाला पळावं लागतं. कागद हातात आला की वाहनच्या साईटवर नंबर टाकून बघा. तिथेही एनओसी दिल्याची नोंद दिसली पाहिजे. नुसत्या कागदावर विसंबू नका.

लोक विचारतात, कायद्यात बारा महिन्यांची मुदत आहे ना? आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये. पण ती गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवणाऱ्या मालकासाठी. तुम्ही गाडी विकत घेतली की मालकच बदलतो, आणि नवीन मालकाने हस्तांतरणाची माहिती ३० दिवसांत द्यायची असते. म्हणजे रत्नागिरीत राहणाऱ्या खरेदीदाराला ती बारा महिन्यांची सवलत फारशी उपयोगाची नाही.

इथे आल्यावर फॉर्म २७ नव्या नंबरसाठी, आणि २९ व ३० नाव बदलण्यासाठी. २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात, म्हणून त्या पैसे देतानाच घ्या. नंतर तो माणूस फोन उचलेलच असं नाही. मग गाडी तपासणीला न्यायची. तिथे चासी नंबर कागदाशी जुळवतात. तो गंजलेला किंवा खरवडलेला असेल तर प्रकरण तिथेच थांबतं. आपल्या आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत हे होतं, त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट उघडून तो नंबर स्वतः वाचा.

आता परतावा. विकणाऱ्याने जुन्या राज्यात पूर्ण टॅक्स भरलेला असतो आणि गाडी तर तिथून निघून जाते. अशा वेळी बऱ्याच राज्यांत उरलेल्या काळाचा टॅक्स परत मिळण्याची सोय असते. आपल्या महाराष्ट्रातही, गाडी बाहेर गेली तर आहे. गाडी जितकी जुनी, तितकी रक्कम कमी. अर्ज जिथे टॅक्स भरला त्या कार्यालयात करायचा, आणि तो बहुतेक वेळा नव्या राज्यात नोंदणी होऊन टॅक्स भरल्यावरच पुढे सरकतो. म्हणजे जुन्या मालकाला तुमची नवीन आरसी आणि टॅक्सची पावती लागते, आणि तुम्हाला त्याच्याकडची जुनी पावती. दोघांना एकमेकांची गरज आहे, आणि भांडण नेमकं इथेच होतं.

म्हणून सौद्याच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या: परतावा आला तर तो कोणाचा. सोपा मार्ग म्हणजे परतावा विकणाऱ्याला ठेवू द्यायचा आणि तेवढा भाव आधीच कमी करून घ्यायचा. अर्ज कोणाच्या नावाने घेतात हे म्हापशाला एकदा विचारून घ्या, कारण नियम राज्यागणिक बदलतात.

शेवटी विमा. खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीला नाव बदलायचा अर्ज द्या. तो दिला नाही आणि हातखंब्याला गाडी कुठे ठोकली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकेल. नवा नंबर मिळाला की तोही पॉलिसीवर चढवून घ्या. भेटू पुढच्या भागात.