पोहण्याचा पोशाख टिकावा कसा?

भगिनींनो, पोहण्याचा पोशाख लवकर ढिला पडतो, ही आपली नेहमीची तक्रार. दोष बहुधा शिवणीचा नसतो, धाग्याचा असतो. ताणला जाणारा इलास्टेनचा धागा तलावातील क्लोरीनमुळे झिजून तुटतो. बसण्याच्या जागी कापड उजेडाकडे धरून पाहावे. ते विरळ दिसले व ताणून सोडल्यावर मागे आले नाही, तर त्याचे आयुष्य संपले असे समजावे.

म्हणून घेताना आतली चिठ्ठी वाचावी. एकीवर ‘नायलॉन ८० टक्के, इलास्टेन २० टक्के’ आणि दुसरीवर ‘पॉलिएस्टर ५३ टक्के, पीबीटी ४७ टक्के’ असेल, तर रोज पोहणारीने दुसराच घ्यावा. त्यात इलास्टेन मुळीच नाही. मात्र तो कमी ताणतो, म्हणून माप अंगावर घालूनच पाहावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी मी पोशाखासकट नळाखाली भिजते. कापड आधीच साध्या पाण्याने भरले, की तलावाचे पाणी कमी शोषते. बाहेर येताच तो थंड पाण्यात खळबळते, पिळत नाही. पंचात गुंडाळून दाबते व सावलीत आडवा वाळवते. ओला पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. त्यात क्लोरीनचे काम चालूच राहते.

चष्माही असाच धुवावा, पण काचांना आतून बोट लावू नये. वाफ धरू न देणारा लेप तिथेच असतो. पुसल्याने तो निघून जातो. पाणी झटकावे, सावलीत वाळू द्यावे आणि मगच डबीत ठेवावा.