रिजेक्शन निम्मी केली, पण कशाच्या निम्मी?



कारखान्यातल्या क्वालिटी इंजिनिअरचा बायोडाटा हा विषय व्याख्यानाला जरा रुक्ष वाटेल. बायोडाटा इंग्रजीत लिहिला जातो, हे गृहीत धरून मी त्यातल्या ओळींचा आशय मराठीत सांगणार आहे. नेहमी दिसणाऱ्या तीन ओळी अशा: ‘रिजेक्शन चाळीस टक्क्यांनी कमी केली.’ ‘आयएटीएफ ऑडिटमध्ये शून्य एनसी.’ ‘एट-डी, फाइव्ह व्हाय, पॅरेटो, सिक्स सिग्मा अवगत.’ तिन्ही ओळी खऱ्या असू शकतात. तरीही त्या वाचून त्या माणसाच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. गंमत अशी की, हाच इंजिनिअर दिवसभर सप्लायरला विचारत असतो, की माप कोणत्या गेजनं घेतलं, किती नग तपासले, आधीचा आकडा किती होता. स्वतःविषयी लिहायला बसला की हे प्रश्न तो विसरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, जी शिस्त तो सप्लायरच्या रिपोर्टला लावतो तीच त्यानं स्वतःच्या बायोडाटाला लावावी. तसं केलं की ओळी कमी होतात, पण उरलेल्या ओळी मुलाखतीत टिकतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातलं काहीच फाउंड्रीवाल्यांना अनोळखी नसावं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावला असते तशी एक फाउंड्री समजा. तिथं ग्रे आयर्नचा एक ब्रॅकेट ओतला जातो, महिन्याला साधारण १,००० नग. कास्टिंग पुण्याकडच्या गिऱ्हाइकाकडे जातं आणि तिथं त्याचं मशीनिंग होतं. मुख्य दोष ब्लोहोलचा, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूच्या पोकळीचा. ही पोकळी बरेचदा कास्टिंगच्या कातडीखाली दडलेली असते. फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग होऊन नग चकचकीत दिसतो, तपासणीत पास होतो, आणि तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाच्या मशीनवर पहिला कट घेतला की भोक उघडं पडतं.

‘रिजेक्शन चाळीस टक्क्यांनी कमी केली’ ही ओळ इथंच डळमळायला लागते, कारण टक्केवारीला अंश आणि छेद दोन्ही लागतात. फाउंड्रीत कुणी नगांवर टक्केवारी काढतं, तर कुणी वजनावर. दोन किलोचा ब्रॅकेट आणि चाळीस किलोचं हाउसिंग एकाच रिपोर्टात असेल तर हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. शिवाय रिजेक्शन घरातली की गिऱ्हाइकाकडची? घरातली तपासणी ढिली केली की घरातली रिजेक्शन त्याच दिवशी कमी होते आणि महिन्याभरानं गिऱ्हाइकाकडची वाढते. आणखी एक खाच आहे. ऑगस्टमध्ये परत आलेले नग बहुतेक जुलैत ओतलेले असतात. ऑगस्टचे परत आलेले नग ऑगस्टच्या उत्पादनानं भागले तर अंश एका महिन्याचा आणि छेद दुसऱ्याचा होतो. उत्पादन वाढत असेल तर काहीही न सुधारता टक्केवारी आपोआप घसरते. कास्टिंगवर हीट कोड उठवलेला असतो तो याचसाठी. परत आलेला प्रत्येक नग त्याच्या ओतकामाच्या तारखेला नेऊन बसवायचा आणि मग भागाकार करायचा. बायोडाटात ‘ओतकामाच्या महिन्यानुसार मोजलेली, घरची आणि गिऱ्हाइकाकडची मिळून’ हे शब्द दिसले, तर जाणता वाचक तिथंच थांबतो. हा माणूस आकडा कसा तयार होतो ते पाहून आलाय, हे त्याला कळतं.

आता हा छेद नीट धरून आपल्या ब्रॅकेटची सरासरी महिन्याला ६२ नग, म्हणजे ६.२ टक्के आली असं समजू. पण दर महिन्याला बरोबर ६२ नग येणार नाहीत. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या वॉल्टर शुहार्ट यांनी कंट्रोल चार्टची कल्पना मांडली ती याच चढउताराला माप लावण्यासाठी. हजार नगांत सरासरी ६२ रिजेक्शन असेल, तर प्रक्रियेत काहीही न बदलता महिन्याचा आकडा साधारण ३९ ते ८५ या हद्दीत हलू शकतो. म्हणजे एखाद्या महिन्यात ७६ आणि पुढं कधीतरी ५० येणं यात नवल नाही. आता ७६ च्या महिन्यात प्रोजेक्ट सुरू झाला आणि ५० च्या महिन्यात संपला, की बायोडाटात ओळ तयार होते: ‘रिजेक्शन ३४ टक्क्यांनी कमी.’ खोटं कुणी बोललेलं नाही आणि सुधारलेलंही काही नाही. आणि प्रोजेक्ट सुरू होतात ते बहुधा वाईट महिन्यातच, कारण साहेबांचं बोलणं बसतं तेही त्याच महिन्यात.

आपल्या भागात तर याच्या जोडीला पाऊस येतो. ब्रॅकेटच्या आतली पोकळी ज्या वाळूच्या कोअरनं तयार होते तो कोअर रॅकवर पडून राहिला की दमट हवेत ओलावा धरतो. सुमारे १,४०० अंशांचं लोखंड त्याला भिडलं की त्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते आणि ब्लोहोल होतं. जुलैत ब्लोहोल वाढतात आणि नोव्हेंबरमध्ये कमी होतात, मग मधल्या काळात इंजिनिअरनं काही केलेलं असो वा नसो. जुलैशी नोव्हेंबरची तुलना करून मिळवलेली सुधारणा ही पुष्कळदा निव्वळ हिवाळ्याची देणगी असते. इथं प्रामाणिक तुलना एकच: या पावसाळ्याची पुढच्या पावसाळ्याशी. त्यासाठी वर्षभर थांबावं लागतं, आणि नोकरी बदलायची घाई असणाऱ्याला हे आवडत नाही, हे मला मान्य आहे.

कारण शोधण्याच्या पद्धतींचंही असंच आहे. एट-डी, फाइव्ह व्हाय, माशाच्या काट्याची आकृती या नावांची यादी बायोडाटाच्या तळाशी लिहिण्यात काही अर्थ नाही, ती नावं प्रत्येकाकडे असतात. आपल्या उदाहरणात पॅरेटोनं एवढंच सांगितलं असतं, की ६२ पैकी ३८ ब्लोहोल आहेत. काट्याच्या आकृतीत वाळूतला ओलावा, साच्याची हवा जाण्याची क्षमता, ओतण्याचं तापमान, कोअर अशी दहा नावं भरली असती, आणि आकृतीत लिहिल्यानं कोणतंही नाव दोषी ठरत नाही. दोष सिद्ध होतो तो चाचणीनं. एकाच दिवशी, एकाच हीटमधून, आलटूनपालटून १०० साच्यांत त्याच दिवशी वाळवलेले कोअर बसवले आणि १०० साच्यांत तीन दिवस रॅकवर राहिलेले. मशीनिंगनंतर पहिल्या शंभरात २ नगांत ब्लोहोल सापडले, दुसऱ्या शंभरात १३ नगांत. एवढा फरक योगायोगानं पडणं कठीण. शिवाय कारण हवं तेव्हा आणता येतं आणि हवं तेव्हा घालवता येतं, हे यातून दिसलं. ज्याच्या बायोडाटात अशा चाचणीचं एक वाक्य आहे त्याला पद्धतींची यादी द्यावी लागत नाही. याउलट ‘मूळ कारण: ऑपरेटरची चूक, उपाय: प्रशिक्षण दिलं’ हे जिथं लिहिलेलं असतं, तिथं शोध दुसऱ्या ‘का’ लाच थांबलेला असतो.

ऑडिटबद्दल थोडक्यात. शून्य एनसी हा निकाल एका ठरावीक दिवसांच्या नमुन्याचा असतो. ऑडिटर सगळा कारखाना पाहत नाही, पाहूही शकत नाही. त्यामुळे शून्य म्हणजे दोष नाहीत असं नव्हे, त्या नमुन्यात सापडले नाहीत एवढंच. त्यापेक्षा ‘गिऱ्हाइकाच्या प्रोसेस ऑडिटमध्ये कोअर साठवणुकीवर एक मायनर एनसी आली, कंट्रोल प्लॅनमध्ये साठवणुकीची मुदत घातली, पुढच्या ऑडिटमध्ये ती पुन्हा आली नाही’ ही ओळ कितीतरी वजनदार आहे. आपल्यावर आलेली एनसी स्वतःच्या बायोडाटात लिहायला धाडस लागतं खरं, पण ती बंद कशी केली हेच तर या माणसाचं काम आहे.

आता आक्षेप. पहिला असा, की एचआरमधला माणूस बायोडाटा काही सेकंदांत चाळतो, कधी त्याआधी सॉफ्टवेअरची चाळणी असते. त्यांना हीट कोड आणि पावसाळा कळणार नाही, त्यांना आयएटीएफ १६९४९, एट-डी हे शब्द हवेत. हे खरं आहे, म्हणून ते शब्द असावेतच. पण चाळणीतून पार पडलेला कागद शेवटी क्वालिटी हेडच्या टेबलावर जातो, आणि तिथं शब्द मोजले जात नाहीत. दोघांसाठी वेगळा कागद लागत नाही, शब्द कामाच्या वाक्यातच बसवता येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रिजेक्शनचे आकडे आणि गिऱ्हाइकाचं नाव ही कंपनीची गुपितं आहेत. बरोबर आहे, आणि ती फोडू नयेत. गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, किंमत यातलं काहीही लिहायची गरज नाही. मूळ टक्केवारीही सांगता येत नसेल तर प्रमाण लिहावं, ‘सहा महिन्यांच्या सरासरीच्या निम्म्याहून खाली’ असं. मोजण्याची रीत हे सहसा कुणाचं गुपित नसतं. तिसरा आक्षेप म्हणजे, काम टीमचं, मग श्रेय एकट्यानं कसं घ्यायचं? मला हा आक्षेप सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर ‘टीमचा सदस्य होतो’ या गुळमुळीत वाक्यात नाही. आपल्या वाट्याचं काम नेमकं लिहावं आणि दुसऱ्याचं त्याच्या नावे सोडावं.

हे सगळं मान्य केलं तर आपल्या ब्रॅकेटची ओळ अशी होईल: ‘ग्रे आयर्न ब्रॅकेट, महिना सुमारे १,००० नग. ओतकामाच्या महिन्यानुसार घरची व गिऱ्हाइकाकडची मिळून रिजेक्शन पावसाळ्याच्या चार महिन्यांत ६.२ टक्के होती, पुढच्या पावसाळ्यात २.५ टक्के. कारण साठवलेल्या कोअरमधला ओलावा, एकाच हीटमध्ये तुलनात्मक चाचणी घेऊन सिद्ध केलं. चाचणीची आखणी आणि आकडेवारी माझी, कोअर ओव्हनमधला बदल मेंटेनन्स विभागाचा.’ महिन्याला २५ नग हा आकडा आपण मघाशी काढलेल्या ३९ च्या हद्दीखाली आहे, आणि चारही महिने तो तिथंच राहिला असेल तर इथं खरोखर काहीतरी बदललं असं म्हणता येतं. ओळ लांब झाली, मान्य. तिला जागा करून देण्यासाठी ‘मेहनती, जबाबदार, संघभावना असलेला’ ही सुरुवातीची तीन विशेषणं खुशाल काढावीत.

या सभागृहात मुलाखती घेणारेही बसले असतील. त्यांना एक विनंती आहे. समोरच्या उमेदवाराला ‘रिजेक्शन किती टक्के कमी केली’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘कोणत्या महिन्यापासून मोजली?’