सासूबाई आल्या आणि नवरा पाहुण्यासारखा वागू लागला



वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत कौटुंबिक सल्ल्याचं सदर असतं. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. अशा पत्रांचं मिळून एकच पत्र केलं, तर ते साधारण असं होईल.

डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर. दोघंही नोकरीला. सासरे गेले, म्हणून सासूबाई गावचं घर बंद करून मुलाकडे आल्या. त्या कटकट करत नाहीत. पण नवरा बदलला. पूर्वी आमटी अळणी झाली की तो बायकोची यथेच्छ टिंगल करायचा. आता मुकाट्यानं जेवतो आणि 'छान झालं होतं' म्हणतो. पाण्याचा ग्लास हातात दिला की 'थँक्यू'. काय बिनसलंय असं विचारलं, की 'काही नाही, तुला काही हवंय का?' पत्राच्या शेवटी बाई लिहिते, 'भांडला असता तरी चाललं असतं.'

अशा पत्राला उत्तर देणारी जाणती समुपदेशिका सासूला दोषी ठरवून मोकळी होत नाही. ती आधी बाईलाच एक काम देते: हा दुरावा नेमका कधी दिसतो ते बघा. सासूबाई चार दिवस लेकीकडे गेल्या की त्याची टिंगल परत येते का? दोघं बाजारात गेले की तो मोकळा होतो का? तसं असेल, तर प्रेम आटलेलं नाही. बाहेरच्या खोलीत आई दिवाणावर बसलेली असताना बायकोशी लाडानं बोलावं तर आईला काय वाटेल, आणि आईची बाजू घ्यावी तर बायकोला काय वाटेल, या कात्रीत तो सापडलाय. कुणालाच बोट ठेवता येणार नाही असं वागणं म्हणजे सौजन्य. म्हणून तो घरातच पाहुण्यासारखा वागतो.

कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलं. दोघांमधला ताण असह्य झाला, की तिसरं माणूस त्यात ओढलं जातं. घरात हा त्रिकोण निरोपांतून दिसतो. 'आईंना सांग, कुकरच्या शिट्ट्या मोजत जा.' 'तिला सांग, देवाजवळ दिवा राहिला.' दोन्हीकडचे निरोप पोचवणारा माणूस हळूहळू बोलणंच कमी करतो. त्यामुळे समुपदेशिकेचा पहिला सल्ला असतो, निरोप बंद करा. स्वयंपाकघरातलं सुनेनं सासूशी थेट बोलावं. आईची औषधं, डॉक्टर, बँकेचं काम मुलानं स्वतः आईशी बोलून ठरवावं.

दुसरा सल्ला विचारण्याच्या पद्धतीबद्दल. जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेनसेन यांनी एक चक्र दाखवून दिलं: एक जण पिच्छा पुरवतो, दुसरा मागे सरतो, आणि तो जितका मागे सरतो तितका पहिला अधिक पिच्छा पुरवतो. रात्री पातळ भिंतीआड कुजबुजत 'तू बदललास' म्हटलं, की हे चक्र सुरू झालंच. त्यापेक्षा घराबाहेर, स्टेशनकडे चालत जाताना, एकच प्रसंग सांगावा. 'काल तू मला थँक्यू म्हणालास तेव्हा मला परकं वाटलं. रविवारी सकाळी आपण दोघंच चहाला बाहेर जाऊया का?' एक प्रसंग, एक मागणी. त्याला लगेच उत्तर सुचलं नाही, तर विषय तिथेच थांबवावा आणि रविवारी चहाला मात्र जावं.

या पत्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकलेली आहे. सासरे गेले. म्हणजे या माणसाचे वडील गेले. दिवसकार्य झालं, गावचं घर बंद केलं, आईला आणलं, कागदपत्रं केली. रडायला मात्र त्याला सवड झाली नाही. आईसमोर रडावं तर ती खचेल, असं वाटून तो गप्प राहिला असेल. आई नसतानाही, बाहेर गेल्यावरही तो तसाच कोरडा राहत असेल, तर बायकोनं सासूबाईंचा विषय काढूच नये. 'बाबांची आठवण येते का रे?' एवढंच विचारावं, आणि तो बोलू लागला तर मध्ये उपाय सुचवू नयेत.

इथे सल्ल्याच्या सदराची मर्यादाही येते. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज झोप उडालेली असेल, जेवण कमी झालं असेल, आवडत्या गोष्टींत मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यासाठी डॉक्टरांनाच दाखवायला हवं. आणि सौजन्याच्या जागी धमक्या किंवा मारहाण असेल, तर रविवारच्या चहाचा सल्ला तिथे लागू नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर मदत मागावी.

केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा सुरू केली. तिचा क्रमांक 14416. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक बायकोनं लिहून ठेवावा, नवऱ्यानंही, आणि हो, सासूबाईंनीसुद्धा. त्यांचाही जोडीदार गेलाय.