आटायला लागलंय, आटत चाललंय, आटत आलंय

(एपिसोडचा मजकूर. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

आज तीन वाक्यांपासून सुरुवात करू. आमच्या वडूजमधनं येरळा नदी वाहते, आणि खटाव-माणकडं उन्हाळ्यात पाण्याची काय गत होते ते तुम्हाला माहीत आहे. तर नदीच्या डोहाबद्दल माणसं तीन प्रकारे बोलतात. पाणी आटायला लागलंय. पाणी आटत चाललंय. पाणी आटत आलंय.

या तिन्हींत फरक काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पहिल्या वाक्यात आटणं सुरू झालंय. दुसऱ्यात ते रोज थोडं थोडं पुढं सरकतंय. तिसऱ्यात ते संपल्यात जमा आहे, टँकरचं बघायला पाहिजे. पण यातली क्रियापदं बघा: लागणे, चालणे, येणे. पाण्याला पाय नाहीत, मग ते चाललंय कसं? आणि जे नाहीसं होतंय ते आलंय कसं?

उत्तर असं की ही तिन्ही क्रियापदं इथं आपलं मूळ काम करतच नाहीत. आटणं हे काम एखाद्या वाटेसारखं आहे असं समजा. वाटेला लागलं, म्हणजे सुरुवात. वाटेनं चाललंय, म्हणजे मधला भाग. मुक्कामाला आलं, म्हणजे शेवट. मराठीनं हालचालीचे शब्द उचलले आणि वेळ दाखवायला वापरले. अशा प्रकारे साधा शब्द व्याकरणाच्या कामाला लागतो, त्याला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. हे नाव आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं 1912 साली एका लेखात वापरलं आणि तिथनं ते रूढ झालं. आपल्याकडच्या कोडिंगवाल्यांसाठी सांगायचं तर, लायब्ररीतलं एखादं फंक्शन लोक इतकं वापरतात की शेवटी ते भाषेचा कीवर्डच होऊन जातं, तसं काहीसं.

जगभर हे होतं. इंग्रजीत 'आय ॲम गोइंग टू' म्हणजे मूळचं 'मी जातोय'. आज 'इट इज गोइंग टू रेन' म्हणताना पाऊस कुठंही जात नाही, तिथं फक्त भविष्य उरलंय, आणि बोलताना त्याचं 'गॉना' झालंय. हिंदीचा 'गा' बघा. 'जाऊँगा' यातला 'जाऊँ' स्वतंत्रपणे वापरता येतो: 'मैं जाऊँ?' मग मागं उरलेला 'गा' कुठला? बहुतेक अभ्यासक तो संस्कृत 'गत', म्हणजे 'गेलेला', यातनं आल्याचं मानतात. त्याची खूण अजून शिल्लक आहे. 'जाएगा, जाएगी' असा तो लिंगाप्रमाणं बदलतो, अगदी 'गया, गई' बदलतं तसा.

आता प्रश्न असा की एखादं क्रियापद व्याकरणात गेलंय हे ओळखायचं कसं? मी दोन चाचण्या सांगतो, त्या तुम्ही घरी करून बघू शकता.

पहिली चाचणी: ते क्रियापद स्वतःशेजारी उभं राहतं का? 'भूक लागायला लागलीय.' हे वाक्य कुणालाच खटकत नाही. पहिलं 'लागणं' खरं, भुकेचं. दुसरं फक्त 'सुरू झालं' एवढंच सांगतं. दोन्ही एकाच कामाचे असते तर वाक्य विचित्र वाटलं असतं.

दुसरी चाचणी: ते कोणत्या क्रियेबरोबर चालतं आणि कुठं अडतं? 'काम संपत आलंय', 'टाकी भरत आलीय', 'पाऊस थांबत आलाय' ही वाक्यं चालतात, कारण या सगळ्या क्रियांना शेवट आहे. पण 'मी हसत आलोय' म्हटलं की माणूस खरोखर हसत हसत दारात आलाय असं वाटतं. हसण्याला ठरलेला मुक्काम नाही, म्हणून तिथं 'आलोय' परत पायांवर येतं. म्हणजे 'येणे' या वाटेवर निम्मंच गेलंय. काही जागी ते व्याकरण आहे, काही जागी अजून चालतं-फिरतं क्रियापद आहे.

या तिघांत सगळ्यात लांब गेलंय ते 'लागणे'. मूळ अर्थ चिकटणं, स्पर्श होणं. 'दगड लागला', 'भिंतीला रंग लागला'. तिथनं 'कामाला लागला', आणि मग 'करायला लागला'. त्याच क्रियापदाला दुसरीही फांदी फुटली. 'तो जायला लागला' म्हणजे त्यानं जायला सुरुवात केली. 'त्याला जायला लागलं' म्हणजे त्याची इच्छा असो-नसो, जावं लागलं. क्रियापद तेच. फरक फक्त 'तो' आणि 'त्याला' एवढाच. पहिल्यात माणूस कामाला चिकटला, दुसऱ्यात काम माणसाला चिकटलं.

तिसरी फांदी जुनी आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. त्या काळच्या मराठीत 'लागी' हे शब्दयोगी अव्यय आहे: 'तुजलागी' म्हणजे तुझ्यासाठी, तुला. आजचा आपला 'ला' हा विभक्तीचा प्रत्यय या 'लागी'तनंच आला असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही. मेये यांच्याकडं शिकलेल्या झ्यूल ब्लॉक यांनी तर मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथच लिहिला, पण 'ला'बद्दल अजून एकमत झालेलं नाही. 'लागी'बद्दल मात्र शंका नाही: क्रियापदाचं अव्यय झालं, आणि ते नामाच्या मागं जाऊन बसलं.

आता आपल्या भागाकडं येऊ. समजा वडूजचा एक पोरगा पुण्यात नोकरी करतो. दुपारी तीनला मॅनेजर विचारते, रिपोर्टचं काय? तो म्हणतो, 'कराय लागलोय.' तिनं ऐकलं: आत्ता कुठं सुरू केलंय. त्याला म्हणायचं होतं: करतोय, सकाळपासनं तेच करतोय. मॅनेजर वैतागते आणि त्याला कळत नाही की आपण काय चुकीचं बोललो.

चुकीचं कुणीच बोललं नाही. पुण्याच्या बोलण्यात 'लागलोय' अजून सुरुवातीपाशी थांबलंय. आपल्याकडं ते एक पायरी पुढं गेलंय. 'सकाळपासनं उसाला पाणी पाजाय लागलोय' हे वाक्य आपल्याकडं सरळ आहे. त्यात सुरुवात उरलेली नाही, चालू असलेलं काम आहे. 'सुरू झालं' पासून 'सुरू आहे' पर्यंत अर्थ सरकला.

आणि अर्थ सरकला की आवाजही झिजतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर या पट्ट्यातली रूपं एका ओळीत मांडून बघा:

कराय लागलोय
करायलालोय
करायलोय
करालोय

आधी 'लागलोय' मधला 'ग' गेला. मग दोन 'ल' चा एक झाला. मग 'य' पण गेला. पहिल्या रूपात मध्ये शब्द घालता येतो: 'कराय आत्ता लागलोय'. 'करायलोय' मध्ये सुईसुद्धा शिरत नाही. म्हणजे स्वतंत्र क्रियापदाचा प्रत्यय झाला.

इथं कुणी म्हणेल, कशावरून हा 'लागणे'च? 'करायला' मधला 'ला' आणि पुढं 'आहे' जोडून 'करायलाय' झालं असेल की. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर बायका कशा बोलतात त्यात आहे. 'ती जेवायलीय.' 'पाणी यायलंय.' 'करायला' मधला 'ला' कधीच बदलत नाही, ती असो वा ते. पण इथं ला, ली, लं असं बदलतंय. म्हणजे हा भूतकाळी क्रियापदाचा 'ल' आहे: लागला, लागली, लागलं. शिवाय 'करायलालोय' मध्ये दुसरा 'ल' अजून जिवंत आहेच.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. ही ओळ म्हणजे कोल्हापूरचं रूप सोलापूरच्या रूपातनं जन्मलं असा अर्थ नाही. प्रत्येक गावात झीज आपापल्या वेगानं होते. बोलीचं जुनं लेखन फारसं नसल्यानं क्रम आजच्या रूपांवरूनच लावावा लागतो. म्हणून पुरावा शोधायचा तो अशा ला-ली-लं सारख्या खुणांमध्ये. नुसता आवाज जुळतो म्हणून व्युत्पत्ती ठोकून द्यायची नाही.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. 'करायलोय' म्हटलं की शहरात हसतात, अशुद्ध म्हणतात. आणि हसणारा स्वतः काय म्हणतो? 'करतोय'. ते काय आहे? 'करतो आहे'. तिथंही एक अख्खं क्रियापद, 'आहे', झिजून नुसता 'य' उरलाय. तिथंही मध्ये काही घालता येत नाही. 'करतोय' आणि 'करायलोय' एकाच कारखान्यात तयार झालेत. एक पुस्तकात छापलं जातं, दुसरं छापलं जात नाही. हा फरक व्याकरणाचा नाही, कुणाची बोली छापखान्यापर्यंत पोचली याचा आहे.

त्यामुळं आमच्यातली जी पोरं पुण्या-मुंबईत गेल्यावर फोनवर घरच्यांशी हळू आवाजात बोलतात, त्यांना एवढंच सांगतो: ऑफिसात समोरच्याला कळेल असं बोला, 'करतोय' म्हणा, म्हणजे गैरसमज होणार नाही. पण आईला 'जेवायलोय' म्हणताना आवाज खाली आणायचं कारण नाही.

जाता जाता एक काम. तुमच्या गावात 'मी आत्ता जेवतोय' हे कसं म्हणतात, ते तुमच्या किंवा आजीच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि गावाचं नाव सांगून पाठवा. 'तो', 'ती' आणि 'ते' तिन्ही घेऊन पाठवा, कारण खूण तिथंच सापडते. आलेली रूपं पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटू.