स्क्रीन मराठीत, नकाशा मात्र इंग्रजीत

गाडी उभी करून चालकानं स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये भाषा मराठी केली, अंतर किलोमीटरमध्ये आणि घड्याळ २४ तासांचं केलं. तरीही अँड्रॉइड ऑटोवरचा नकाशा इंग्रजीतच, आणि अंतर मैलांत! असं का?

कारण अँड्रॉइड ऑटो गाडीतून नव्हे, जोडलेल्या फोनमधून चालतं. त्याची भाषा आणि घड्याळ फोनच्या सेटिंग्जमध्ये बदलतात. मैल की किलोमीटर, ही निवड फोनवरच्या गूगल मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये करायची. आठ किलोमीटरवरचं वळण पाचवर दिसलं, तर आधी तिथेच पाहावं.

गाडीच्या मेनूत मराठी प्रत्येक मॉडेलमध्ये नसते. मराठी बोलणं समजणारी गाडी मेनूही मराठीत दाखवेलच असं नाही. शोरूममध्येच भाषांची यादी उघडून पाहिलेली बरी.