वेग वाढतोय म्हणून नाक वर घेतलं

मागच्या भागात मी म्हटलं होतं की विमानाचा वेग मोजणारं यंत्र खरं तर वेग मोजतच नाही. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणजे काय? आज तेच बोलू.

कॉकपिटमधला एअरस्पीड इंडिकेटर फक्त दोन दाबांमधला फरक मोजतो. पहिला दाब पिटो ट्यूबमधून येतो. ही पंखाखाली किंवा नाकाजवळ पुढे तोंड करून बसवलेली बारीक नळी. समोरून येणारी हवा तिच्यात घुसते आणि थांबते, त्यामुळे तिथे बाहेरच्या हवेचा दाब अधिक वेगामुळे आलेला दाब, असा एकूण दाब मिळतो. दुसरा दाब स्टॅटिक पोर्टमधून, म्हणजे विमानाच्या अंगावरच्या छोट्या भोकातून. तिथे नुसता बाहेरच्या हवेचा दाब. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो वेगाचा दाब, आणि काटा तोच दाखवतो. अल्टिमीटर आणि चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं यंत्र मात्र फक्त स्टॅटिकवर चालतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता ढगात शिरलो, बाहेर गोठणबिंदूखालचं तापमान, आणि नळीच्या तोंडावर बर्फ बसला. नळीला पाणी जायला मागे एक छोटं भोक असतं. ते उघडं राहिलं तर आतला दाब त्यातून निघून जातो आणि काटा शून्याकडे येतो. हे एका अर्थी बरं, कारण बिघाड लगेच कळतो.

पण भोकही बुजलं तर? मग जुना दाब नळीत कोंडला जातो. सरळ पातळीवर उडताना काटा जागच्या जागी थिजतो. पॉवर कमी करा, वाढवा, तो हलत नाही. आणि तुम्ही वर चढू लागलात की खरा घोळ सुरू होतो. बाहेरचा दाब कमी होतो, कोंडलेला तसाच राहतो, फरक वाढतो. म्हणजे वेगाचा काटा आता उंचीचा काटा झाला!

एक हिशोब करून बघू. पाच हजार फुटांवर बाहेरचा दाब साधारण 843 हेक्टोपास्कल. काटा 100 नॉट दाखवतोय, म्हणजे वेगाचा दाब जेमतेम 16. नळीत कोंडले 859. आता फक्त हजार फूट वर जा. बाहेर दाब उरला 812. फरक झाला 47, आणि काटा सांगणार जवळजवळ 170 नॉट. खरा वेग वाढलेलाच नाही, कदाचित कमीही झाला असेल! उलट पाच हजारांवरून पाचशे फूट खाली आलात तर काटा जवळपास शून्यावर.

1 डिसेंबर 1974. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं बोइंग 727, फ्लाइट 6231, न्यूयॉर्कहून बफेलोला निघालं होतं. प्रवासी नव्हते, फक्त तिघे कर्मचारी. पिटो ट्यूब गरम ठेवणाऱ्या हीटरचे स्विच बंद राहिले होते. चढता चढता नळ्या गोठल्या आणि वेगाचा काटा वाढू लागला. वैमानिकांनी काय केलं असेल? वेग फार होतोय म्हणून नाक आणखी वर घेतलं. नाक वर, म्हणून उंची वाढली. उंची वाढली, म्हणून काटा आणखी वर. वेगमर्यादा ओलांडल्याचा इशाराही वाजला, कारण तोही त्याच पिटोवर चालतो. मग कंट्रोल कॉलम थरथरला. तो स्टॉलचा इशारा होता आणि तो खरा होता. पण त्यांना वाटलं, हा अतिवेगाचा हादरा आहे. सुमारे 24,800 फुटांवर विमान स्टॉल झालं आणि दीड मिनिटाच्या आत जमिनीवर आदळलं. तिघेही गेले.

मला त्या तिघांना दोष द्यावासा वाटत नाही. काटा आणि अलार्म दोघं एकच सांगतायत म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवणारच. पण ते दोन साक्षीदार नव्हतेच. एकाच नळीचे दोन आवाज होते. वेगळे साक्षीदार पिटोशी संबंध नसलेले: नाक क्षितिजाच्या किती वर आहे, इंजिनची पॉवर किती आहे, अल्टिमीटर काय सांगतोय.

म्हणून काटा विचित्र वागला की मी सर्वात आधी वेगाकडे बघणं सोडतो. नेहमीच्या उड्डाणाला नाकाचा जो कोन आणि जी पॉवर लागते, ती लावून ठेवतो. मग पिटो हीट चालू. छोट्या विमानात स्विच टाकल्यावर ॲमीटरचा काटा हलतो का ते बघा, हलला नाही तर हीटरच गेलेला असू शकतो. बर्फ वितळायला वेळ लागतो, तोवर त्या काट्यावर एकही निर्णय घ्यायचा नाही.

स्टॅटिक पोर्ट बुजलं तर अल्टिमीटर थिजतो आणि वेगाची चूक नेमकी उलटी होते. ती गंमत पुढच्या भागात.