मुलाखतीआधी लिहिता येणारी वाक्यं



  कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'भरती क्षेत्राचा आढावा' असं छापलंय. तो आढावा सकाळच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगला घेतला, त्यामुळे मी त्यातून सुटले असं धरते. मला आज एका ईमेलबद्दल बोलायचं आहे. मुलाखत देऊन आल्यावर उमेदवार जो आभाराचा मेल पाठवतो, त्याबद्दल. हे बोलायची संधी मी बरीच वर्षं शोधत होते. आज माईक माझ्या हातात आहे आणि घंटा वाजवणारे स्वागताध्यक्ष माझे जुने स्नेही आहेत.

आधी उमेदीची वर्षं मी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत माणसं घेण्यात घालवली, मग महाविद्यालयात आले. म्हणजे हे मेल मी दोन्ही टोकांनी पाहिलेत. आणि माझी तक्रार थेट आपल्याविरुद्ध, प्लेसमेंट अधिकाऱ्यांविरुद्ध आहे. आपल्या प्रत्येकाच्या संगणकावर या मेलच्या नमुन्याची एक फाईल असते. वर 'आदरणीय महोदय', मग 'संधी दिल्याबद्दल धन्यवाद', मग 'माझी पदवी, माझी कौशल्यं आणि माझा अनुभव या पदासाठी योग्य आहे', शेवटी 'आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत'. मुलं कंपनीचं नाव बदलून तो पाठवतात. कधीकधी तेही बदलायचं राहतं. कारखान्यात असताना एका महाविद्यालयातून आलेल्या सगळ्या मुलांचे मेल मला एकाच संध्याकाळी मिळाले, शब्दाला शब्द तेच. त्यातल्या एकात आमच्याऐवजी आमच्या स्पर्धक कंपनीचे आभार होते. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, त्यांचे प्रतिनिधी सभागृहात असण्याची शक्यता आहे.

सकाळी एका सहकाऱ्यांनी विचारलं, हा मेल आपल्याकडे लागतोच कशाला? दुसरे म्हणाले, हा सभ्य भाषेतला वशिलाच आहे. दोघांनाही उत्तर देते. जिथे गुणपत्रक आणि गुणवत्ता यादीवर निवड होते, त्या सरकारी भरतीत हा मेल पाठवूच नये. तिथे त्याला जागा नाही आणि नसावीही. खासगी कंपनीतसुद्धा नाकारलेला उमेदवार मेलमुळे निवडला गेला असं मी कधी पाहिलं नाही. मेल उपयोगी पडतो तो एकाच ठिकाणी: दोघं जवळपास सारखे उतरलेत आणि विभागप्रमुखाच्या मनात एकाविषयी एखादी शंका अडकून राहिली आहे. ती शंका तारीख-वार, काम-पद्धत सांगून दूर केली तर त्याला वशिला म्हणत नाहीत. मुलाखतीत वेळ संपल्यामुळे अर्धवट राहिलेलं उत्तर पूर्ण करणं म्हणतात.

असं एक प्रकरण तपशिलात सांगते. एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेखा विभागातली जागा होती. सांगलीकडची एक मुलगी आली होती. बी.कॉम., सीएंच्या कार्यालयात तीन वर्षं. लेखाप्रमुखांनी बोलता बोलता आपली अडचण सांगितली: दर महिन्याला काही पुरवठादारांची बिलं जीएसटीच्या टू-बी विवरणात दिसत नाहीत, मग तेवढी कराची वजावट अडकते. जानेवारी २०२२ पासून टू-बीत बिल आल्याशिवाय ही वजावट घेताच येत नाही, त्यामुळे त्यांची चिंता रास्त होती. पुढे त्यांनी विचारलं, "तुम्ही टॅलीवरच्या, आमच्याकडे एसएपी. कसं जमवणार?" ती म्हणाली, "शिकेन सर." मुलाखत संपली. बाहेर पडताना लेखाप्रमुख मला म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण एसएपीचं काय?"

त्या रात्री तिनं पहिला मेल लिहिला. तो मला पुढे तिच्याकडूनच कळला. प्रथम श्रेणी, टॅली, एक्सेल, तीन वर्षांचा अनुभव, मेहनती, वेळ पाळणारी. म्हणजे लेखाप्रमुखांच्या टेबलावर आधीच पडलेला बायोडेटा, फक्त परिच्छेदात मांडलेला. सुदैवानं तिनं तो पाठवला नाही. सकाळी दुसरा लिहिला. मूळ इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते:

"काल आपण टू-बीमधल्या अडचणीबद्दल मोकळेपणानं सांगितलंत, त्याबद्दल आभार. चौदा तारखेला टू-बी आल्यावर पुरवठादारांना फोन सुरू होतात, असं आपण म्हणालात. आमच्या कार्यालयात हे काम माझ्याकडे होतं आणि आम्ही आठ तारखेलाच टू-ए पाहून फोन करत असू, कारण मासिक विवरण भरणाऱ्यानं अकरा तारखेनंतर भरलेलं बिल पुढच्या महिन्याच्या टू-बीत जातं. तिमाही विवरण भरणाऱ्या लहान पुरवठादारांची यादी मी वेगळी ठेवत असे, त्यांना बिलं चढवायला तेरा तारखेपर्यंत मुदत असते. एसएपीबद्दलचं माझं उत्तर अपुरं राहिलं. जुळवणी मी टॅलीत करत नव्हते. खरेदी नोंदवही एक्सेलमध्ये उतरवून जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम यांवर करत होते. ती नोंदवही एसएपीतून मिळाली तरी पुढचं काम तेच राहील. एसएपीतल्या नोंदी करायला मात्र मला शिकावं लागेल."

एवढंच. खाली नाव आणि फोन नंबर.

लेखाप्रमुखांनी हा मेल मला वाचून दाखवला आणि आठ तारखेच्या ओळीवर थांबले. त्यांचे लोक चौदा तारखेनंतर ज्या फोनांमध्ये दमत होते, त्यातले बहुतेक फोन त्या महिन्यापुरते वाया जात होते, हे त्यांना ठाऊक असूनही कुणी असं सरळ मांडलं नव्हतं. एसएपीचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. ती रुजू झाली.

आता या मेलची चिरफाड करू. त्यात पदवी नाही, वर्षं नाहीत, 'मेहनती' नाही. सीएंच्या कार्यालयाचा उल्लेख आहे, पण जे सांगितलंय ते बायोडेटात नव्हतं. बायोडेटात 'जीएसटी विवरणपत्रं' एवढे दोन शब्द होते. मेलमध्ये ती आठ तारखेला काय करत होती ते आहे. ती या कामाला योग्य आहे, असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला ते कळतं. म्हणून मी मुलांना एकच कसोटी देते: मेल लिहून झाला की प्रत्येक वाक्याला विचार, हे मी मुलाखतीला जायच्या आधी लिहू शकलो असतो का? उत्तर हो आलं की वाक्य खोड. नमुन्याच्या फाईलला ही कसोटी लावून पाहा. सहीसुद्धा उरणार नाही.

खोडल्यावर काही उरत नसेल तर चूक मेलमध्ये नसते, मुलाखतीत असते. मुलानं ऐकलंच नाही, किंवा ऐकलेलं टिपून ठेवलं नाही. म्हणून बसस्टॉपवर पोचायच्या आत तीन गोष्टी वहीत लिहायच्या: त्यांनी स्वतःहून कोणती अडचण सांगितली, माझं कोणतं उत्तर अर्धवट राहिलं आणि कुणी काय विचारलं. मेल दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचा. त्याच रात्री पाठवलेल्या मेलमध्ये घाई दिसते, चार दिवसांनी पाठवलेला निकालाची चौकशी वाटतो.

कुणाला पाठवायचा, यावर सकाळी बराच वाद झाला. माझा अनुभव सांगते. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवरून आलं, त्यालाच उत्तर द्यायचं आणि संबंधितांपर्यंत पोचवण्याची विनंती करायची. लेखाप्रमुखांचा पत्ता अंदाजानं तयार करून पाठवणारे उमेदवार मी पाहिलेत. ते पाहून कौतुक कुणालाच वाटत नाही. तिघांनी मुलाखत घेतली असेल आणि तिघांचे पत्ते असतील, तर तीन वेगळे मेल, प्रत्येकात त्यानं विचारलेल्या गोष्टीवर. तिघंही नंतर एकत्र बसतात आणि एकच मजकूर तिघांकडे असला की हसतात.

आणखी एक धोका आहे, तो हुशार मुलांचा. अडचण कळली की ते कंपनीला सल्ला द्यायला लागतात. दोन पानं, सात मुद्दे, वर 'आपल्या पद्धतीत त्रुटी आहेत'. मेल पुढे पाठवला जातो हे त्यांच्या लक्षात येत नाही. ज्याच्या पद्धतीत त्रुटी काढल्या, तोच उद्याचा साहेब असतो. सांगलीच्या मुलीनं 'तुमचं चुकतंय' असं म्हटलं नाही, 'आम्ही असं करत असू' म्हटलं. पुरवठादारांची नावं किंवा अडकलेल्या रकमाही लिहिल्या नाहीत, त्या चार भिंतींत सांगितलेल्या होत्या. एक अडचण, एक अर्धं उत्तर आणि जे येत नाही त्याची एक सरळ कबुली. पगाराचा विषय मेलमध्ये अजिबात नाही. दीडशे शब्दांच्या पलीकडे जाऊ लागलं की समजावं, बायोडेटा मागच्या दारानं आत येतोय.

कधी कधी मला जुन्या भरतीचे दिवस आठवतात. तेव्हा आयटीआयची पोरं मुलाखतीनंतर पोस्टकार्ड टाकायची. अक्षर वाकडं, शुद्धलेखन त्याहून वाकडं, पण एकानं लिहिलं होतं की दाखवलेल्या लेथचा आवाज मला बरा वाटला नाही, बेअरिंग बघून घ्या. त्याला नमुना देणारं कुणी नव्हतं, हे त्याचं भाग्य. आपण त्याच्या मुलांना फाईली दिल्या आणि त्यांचे कान बंद केले.

कार्यकारिणीनं या विषयावर एक छोटी समिती नेमावी असं सुचवते. तिनं काय करायचं, ते पुढच्या बैठकीत ठरवता येईल. कार्यशाळा घ्यावी की पुस्तिका काढावी, हेही बोलू. पण समितीची वाट न पाहता आपापल्या कार्यालयात परत गेल्यावर एवढं करा: ती नमुन्याची फाईल पुसून टाका. मुलाखतीहून आलेल्या मुलानं फॉरमॅट मागितला तर देऊ नका. त्याला समोर बसवा, कोरा कागद द्या आणि विचारा, "त्यांनी तुला काय सांगितलं?" तो जे सांगेल, तेच त्याला लिहायला लावा.